ओवाळणी, उसने की भांडवल?

परदेशात नोकरी करणारा भाऊ गावी असलेल्या बहिणीला लिहितो, की माझ्याकडे थोडे पैसे साठले आहेत, त्यांतून तू एखादा धंदा सुरू कर. असे पत्र दिसायला साधे असते. पण ते वाचणाऱ्या घरात लगेच एक प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक वेळा तो कुणी उघड विचारत नाही. हे पैसे कसले? भाऊबीजेच्या ताटात पडलेल्या ओवाळणीसारखे कायमचे बहिणीचे? पुढेमागे परत करायचे उसने? की भावाचा धंद्यातला भाग? पत्र लिहिणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या असतात. देताना त्याला ओवाळणीचा आनंद हवा असतो, परत आल्यावर हाताशी आधार हवा असतो, आणि धंदा चालला तर त्यात आपलेही काही असावे असे वाटत असते. पुढची जवळजवळ सगळी भांडणे याच सरमिसळीतून निघतात. म्हणून अशा पत्राचा विचार करताना धंदा कोणता हा प्रश्न दुसरा ठरतो. पैशाला नाव काय द्यायचे, हा पहिला.

कोकणाला बाहेरून येणारा पैसा नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर रत्नागिरी जिल्हा कित्येक पिढ्या जगला. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि कोकणातली मुले मस्कत, कुवेत, दुबई, दोहा या वाटेने जाऊ लागली. मनीऑर्डर असो वा बँकेतून आलेली रक्कम, तिचे काम ठरलेले असे. घराचे कौल बदलणे, शाळेची फी, आजारपण, लग्न, गणपती. हा पैसा खर्च होण्यासाठीच येई आणि त्याचा हिशेब कुणी मागत नसे. धंद्यासाठी पाठवलेला पैसा वेगळा असतो, कारण तो फिरून परत यावा लागतो. घराला सवय खर्चाच्या पैशाची असते, म्हणून धंद्याचा पैसाही त्याच वाटेने जातो. पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी इस्पितळाचे बिल त्यातून भरले जाते आणि त्यात कुणाचीच चूक आहे असे म्हणता येत नाही.

एक उदाहरण तपशिलात घेतले तर हे अधिक नीट दिसते. मस्कतमध्ये नोकरी करणारा एक धाकटा भाऊ आणि कुडाळजवळच्या गावात सासरी राहणारी त्याची थोरली बहीण, अशी जोडी समजू. भावाने आठ वर्षे दरमहा १२,५०० रुपये बाजूला टाकले आहेत. म्हणजे १२ लाख रुपये. बहिणीने काही हंगाम जवळच्या काजू फॅक्टरीत सोलणीचे काम केले आहे. भाऊ सुचवतो, की घरामागच्या पडवीत काजूप्रक्रियेचा छोटा उद्योग काढावा. माणसे, रकमा आणि दर हे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. दर हंगामागणिक बदलतात, रीत बदलत नाही.

सुरुवात कायद्याच्या बाजूने करणे सोयीचे, कारण तिथे पैशाचे नाव ठरवावेच लागते. प्राप्तिकराच्या कायद्यात भाऊ आणि बहीण एकमेकांचे नातेवाईक ठरतात. त्यामुळे भावाने बहिणीला बक्षीस म्हणून दिलेल्या पैशावर, रक्कम कितीही असो, बहिणीला कर पडत नाही. त्या पैशातून पुढे जे उत्पन्न निघेल ते तिचेच उत्पन्न धरले जाते. हाच पैसा बायकोला दिला असता तर त्यावरचे उत्पन्न देणाऱ्या नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले गेले असते. बहिणीच्या बाबतीत तसे होत नाही. पैसा ही चल मालमत्ता असल्याने बक्षीस पुरे होण्यासाठी दस्त नोंदवण्याची सक्तीही नाही. पैसा दिला गेला आणि तो स्वीकारला गेला की पुरते. पण दिला तो बक्षीस म्हणूनच, याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे हेच पत्र, आणि त्याला बहिणीने दिलेले उत्तर.

उसने दिले असतील तर गोष्ट बदलते. अनिवासी भारतीयाने देशातल्या माणसाला कर्ज द्यायचे तर परकीय चलनाच्या नियमांतल्या अटी पाळाव्या लागतात, आणि कर्ज रोखीत घेण्यावर प्राप्तिकर कायद्याची बंदी २०,००० रुपयांपासूनच सुरू होते. भागीदारीचा रस्ताही आहे. अनिवासी भारतीयाला देशातल्या एकट्याच्या किंवा भागीदारीच्या धंद्यात पैसा घालता येतो, मात्र ती गुंतवणूक परदेशी परत न नेण्याच्या अटीवर असते आणि शेती किंवा बागायतीत ती चालत नाही. आपल्या उदाहरणात या अटीला महत्त्व आहे. काजू बी विकत घेऊन फोडणे हा उद्योग आहे, काजूची बाग लावणे ही बागायत आहे. पत्रात भावाने उत्साहाने ‘बाजूची चार एकर जमीनही घेऊ आणि कलमे लावू’ असे लिहिले, तर तो दोन वेगळ्या नियमांची गाठ मारतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकतही घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते.

१२ लाखांच्या घरगुती उद्योगासाठी या तिन्हींपैकी बक्षिसाचा रस्ता सर्वांत सरळ आहे. बहुतेक भाऊ मात्र तो अर्धवट घेतात. कागदावर बक्षीस आणि मनात उसने, असे ठेवतात. त्याचा त्रास भावाच्या हयातीत कदाचित होणार नाही. पण भावाचे परदेशात काही बरेवाईट झाले, तर त्याची पत्नी आणि मुले बँकेची पासबुके चाळू लागतात. १२ लाख रुपये नणंदेकडे गेलेले त्यांना दिसतात. ते कशासाठी गेले हे सांगणारा कागद नसेल, तर भावजयीने मागणे आणि नणंदेने नाकारणे हे दोन्ही त्यांच्या त्यांच्या जागी खरेच असते. भाऊ विवाहित असेल तर पत्राची प्रत पत्नीला दाखवणे आणि त्यावर तिची सही घेणे हे म्हणूनच अविश्वासाचे लक्षण नाही. त्या सहीने दोन घरे तुटण्यापासून वाचतात.

यापेक्षा नाजूक गाठ वडिलोपार्जित हिश्शाची आहे. कोकणात सामाईक जमिनी आणि घरे पिढ्यान्‌पिढ्या वाटपाविना पडून असतात. बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सही घेण्याची चाल तिथे जुनी आहे. हिंदू कुटुंबात महाराष्ट्राने १९९४ मध्येच काही अटींवर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला होता. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो देशभर झाला. हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असणे गरजेचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. रत्नागिरीतल्या अनेक मुस्लिम कुटुंबांतले भाऊ आखातात आहेत. त्यांच्या कायद्यातही बहिणीचा हिस्सा ठरलेला आहे. अशा वेळी भावाकडून धंद्यासाठी आलेले १२ लाख रुपये पुढे वाटणीच्या दिवशी ‘तुला तुझे मिळाले की’ या वाक्यात बदलू शकतात. पैसे देताना भावाच्या मनात हे नसले तरी वीस वर्षांनी त्याच्या मुलांच्या मनात येऊ शकते. हे पैसे हिश्शाच्या बदल्यात नाहीत, हे एक वाक्य पत्रात असायलाच हवे. भावाला ते लिहिणे जड जात असेल, तर पैसे पाठवण्याआधी त्याने थांबून स्वतःला विचारावे, की आपण खरोखर बक्षीस देत आहोत का.

पैसे पाठवण्याची वाट त्या मानाने सोपी आहे. परदेशातली कमाई भाऊ भारतात आपल्या अनिवासी बाह्य खात्यात, म्हणजे बँकेच्या भाषेत एनआरई खात्यात, आणतो आणि तिथून बहिणीच्या खात्यात जमा करतो. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर गावातले जुने बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते अनिवासी साधारण खात्यात बदलून घ्यावे लागते. कित्येकांनी ते वर्षानुवर्षे बदललेले नसते आणि नेमकी मोठी रक्कम हलवताना बँक अडवते. हवाल्याने किंवा सुट्टीवर निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हातून रोकड पाठवणे स्वस्त आणि झटपट वाटते. पण हवाला बेकायदा आहे, आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड स्वीकारणे भावाकडूनही चालत नाही. शिवाय अशा पैशाचा माग राहत नाही, मग तो बक्षीस होता हे दाखवायचे कशाने? बहिणीने या पैशासाठी फक्त तिच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावे. नवऱ्याबरोबरच्या संयुक्त खात्यात धंद्याचा पैसा घरखर्चात मिसळतो आणि दुसऱ्याच महिन्यात कुठला रुपया कुठला हे सांगता येत नाही.

आता जागा. पडवी सासरच्या घराची आहे. घर सासऱ्यांच्या नावावर किंवा दिरांबरोबर सामाईक असेल, तर तिथे भिंत वाढवणे, फरशी घालणे, तीन फेजची वीज घेणे हे सगळे बहिणीच्या पैशाने होते आणि मिळकत मात्र दुसऱ्यांची राहते. घराच्या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्यांचे लेखी संमतीपत्र वीजजोडणीला बहुधा लागतेच, ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यासाठीही ते मागतात. ते संमतीपत्र आधी घ्यावे आणि त्यात पाच-सात वर्षांच्या वापराची मुदत लिहून घ्यावी. बांधकामात पैसा कमीत कमी अडकवावा. यंत्रांची बिले बहिणीच्या नावावर असावीत आणि यंत्रे बोल्टने बसवलेली, उचलून नेता येण्याजोगी असावीत. वेळ आली तर यंत्र नेता येते, फरशी नेता येत नाही. उद्यम नोंदणीही तिच्याच नावे करावी. ती आधारवर, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा नोंदणी लागते, छोट्या उद्योगासाठी ती थोडक्यात होते.

धंद्याचे काम कसे चालते हे भावाला माहीत नसेल, तर त्याचा हिशेब पहिल्या ओळीतच चुकतो. काजू बी साधारण फेब्रुवारीअखेरपासून बाजारात येऊ लागते आणि मेअखेर संपत येते. विकत घेतलेली बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. नीट वाळलेली बी मुठीत घेऊन हलवली की खुळखुळते. ओली बी वाजत नाही. मग ती वाफेवर शिजवतात, त्याने कवच फुटायला सोपे होते आणि आतला गर कवचापासून सुटतो. शिजवलेली बी रात्रभर निवू देतात. दुसऱ्या दिवशी हातापायाने चालवायच्या कटरवर एकेक बी ठेवून कापतात आणि सुईने गर काढतात. सराव असलेली बाई दिवसाला साधारण पंधरा-वीस किलो बी कापते. कवचातले तेल दाहक असते, हात भाजतात, म्हणून हाताला तेल लावून किंवा मोजे घालून काम करावे लागते. काढलेला गर ड्रायरमध्ये सहा-आठ तास मंद आचेवर सुकवला, की त्यावरची तांबडी साल सुटते. सोलणी झाली की प्रत लावतात. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा हे मोठे भाग. अख्ख्या गराची प्रत एका पौंडात किती गर बसतात त्या आकड्याने सांगतात. डब्ल्यू १८० म्हणजे मोठा दाणा, डब्ल्यू ३२० म्हणजे बाजारात सर्वांत जास्त दिसणारा लहान दाणा. पाकळी आणि तुकड्याला अख्ख्यापेक्षा कमी भाव मिळतो.

बहिणीला यातली सोलणी येते. वाफ किती वेळ द्यायची हे तिला कदाचित येत नसेल, कारण फॅक्टरीत ते काम दुसरे कुणीतरी करत असते. वाफ कमी पडली तर कवच कडक राहून गर मोडतो. जास्त झाली तर तेल आत उतरून गराला डाग पडतात. एका चुकीच्या घाण्यात डब्ल्यू २४०चा माल तुकड्यात जातो. म्हणून पत्रात पैशाआधी एका हंगामाच्या शिकण्याची तरतूद असणे हिताचे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जातींवर मोठे काम केले आहे, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या मोठ्या बियांच्या जाती तिथल्याच. पण शिजवणीचा हात बसायला चालू कारखान्यातच उभे राहावे लागते.

आता १२ लाखांचा हिशेब. भावाचे पत्र बहुधा असे असते: ८ लाखांची यंत्रे घे, २ लाखांत जागा नीट कर, उरलेल्या २ लाखांत बी भर. यंत्र छायाचित्रात दिसते, त्याची किंमत कळते, त्यावर नाव घालता येते. पण काजूत पैसा खातो तो कच्चा माल. बी तीन महिन्यांत रोखीने घ्यावी लागते आणि गर वर्षभर विकला जातो. म्हणून उलटी विभागणी धरू. पाच हातकटर, लहान बॉयलर, ड्रायर, वजनकाटा आणि वीजजोडणी मिळून ३,५०,००० रुपये. खेळते भांडवल ६,५०,०००. आणि २,००,००० हात न लावायची राखीव रक्कम.

बीचा भाव किलोला १४० रुपये आणि मजुरी, वीज, जळण, पिशव्या मिळून प्रक्रियेचा खर्च किलो बीमागे २२ रुपये धरू. म्हणजे एक किलो बी गर होऊन बाहेर येईपर्यंत १६२ रुपये लागतात. ६,५०,००० रुपयांत सुमारे ४,००० किलो बी बसते; खर्च होतो ६,४८,०००. पाच कटरवर दिवसाला ८० किलो बी निघते, म्हणजे हे काम ५० दिवसांत संपते. पुढे काही गर विकून पुन्हा बी घ्यावी म्हटले, तर हंगाम सरलेला असतो आणि उरलेली बी व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घ्यावी लागते. जास्त पैसा यंत्रात घातला असता तर ५० दिवसांचे काम ३० दिवसांत झाले असते, एवढाच फरक.

१०० किलो बीतून २४ किलो गर मिळतो असे धरले, तर ४,००० किलोतून ९६० किलो गर निघतो. अख्खा, पाकळी, तुकडा सगळा मिळून व्यापाऱ्याकडे सरासरी ७२० रुपये भाव आला तर ६,९१,२०० रुपये हाती येतात. खर्च वजा जाता उरतात ४३,२००. यात बहिणीच्या स्वतःच्या कामाचा मोबदला धरलेला नाही, यंत्राची झीजही नाही. १२ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ८४,००० व्याज आले असते. बहिणीने हा हिशेब भावाला दाखवला तर त्याला वाईट वाटेल, पण दाखवलाच पाहिजे.

पुढची गोष्ट आणखी धोक्याची. उतारा २४ ऐवजी २२ टक्के पडला, म्हणजे १०० किलोमागे फक्त दोन किलो गर कमी निघाला, तर ८८० किलो गराचे ६,३३,६०० रुपये येतात आणि १४,४०० रुपयांचा तोटा होतो. सगळा धंदा या दोन किलोंवर उभा असतो. म्हणून बी घेताना भाव पाडून घेण्यापेक्षा उतारा पाहणे जास्त मोलाचे. व्यापारी पोत्याच्या वरून, मधून आणि खालून मूठमूठ बी काढतात, एक किलो मोजून तिथेच कापतात आणि गराचे वजन करतात. नमुन्यातली किती बी पोचट, किती किडकी, किती काळी हेही वेगळे मोजतात. पाण्यात टाकलेल्या बियांपैकी वर तरंगणारी बी बहुधा पोकळ असते, हीही एक जुनी खूण. हंगामाच्या शेवटी, वळवाचा पाऊस लागल्यावर आलेली बी स्वस्त मिळते. ती ओली असते, तिचे वजन पाण्याचे असते आणि पावसाळ्यात ती साठवली तर बुरशी धरते. आपल्या उदाहरणात १४० रुपयांची २४ टक्क्यांची बी १३० रुपयांच्या २२ टक्क्यांच्या बीपेक्षा महाग दिसते. १०० किलोचा हिशेब केला तर पहिल्या बीत खर्च १६,२०० आणि विक्री १७,२८०, म्हणजे १,०८० रुपये सुटतात. दुसरीत खर्च १५,२०० आणि विक्री १५,८४०, म्हणजे ६४०. किलोला दहा रुपये वाचवून हातचे ४४० रुपये गेले.

मग या धंद्यात बहिणीने पडूच नये का? पडावे, पण नफा कुठे आहे ते ओळखून. पहिली जागा विक्रीची. निम्मा गर, म्हणजे ४८० किलो, व्यापाऱ्याला न देता थेट खाणाऱ्याला ९०० रुपयांनी विकता आला, तर एकूण विक्री ७,७७,६०० होते आणि शिल्लक १,२९,६०० पर्यंत जाते. त्यातून पाकिटे, पाठवणी आणि प्रवास यांचा खर्च काढायचा. मालवण-तारकर्लीला येणारे पर्यटक, मुंबईतली ओळखीची घरे, गणपती आणि दिवाळीची मागणी हे त्याचे गिऱ्हाईक. ४८० किलो म्हणजे अर्ध्या किलोची ९६० पाकिटे. ती कोण घेणार याची नावनिशीवार यादी पत्राला जोडता येते का, हा भावाच्या प्रस्तावाचा खरा कस आहे. दुसरी जागा मजुरीवरच्या कामाची. गावातल्या बागायतदारांची बी त्यांच्यासाठी फोडून द्यायची आणि किलोमागे मजुरी घ्यायची. किलोला ३० रुपये मिळाले आणि २२ खर्च झाले, तर वर्षातल्या उरलेल्या दिवसांपैकी १०० दिवसांत ८,००० किलोवर ६४,००० रुपये सुटतात. यात बीचा एक रुपयाही आपला अडकत नाही आणि भाव पडला तर तो बीच्या मालकाला सोसावा लागतो. पहिल्या वर्षी फक्त मजुरीचे काम करून शिजवणीचा हात बसवणे आणि दुसऱ्या वर्षी स्वतःची बी घेणे, हा क्रम सर्वांत शहाणा. बहीण हे सुचवील तेव्हा भावाला ते कमी धीराचे वाटेल. पण गावात उभी राहून बी मोजणारी तीच आहे.

सरकारी अनुदानाचा उल्लेख अशा पत्रांत हमखास असतो आणि तो बहुधा चुकीच्या जागी असतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये निघालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान ठेवले गेले. पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले होते आणि स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के लागत होता. भावाच्या रोकडीतून सगळी यंत्रे आधीच घेतली तर कर्जच उरत नाही आणि अनुदानाचा प्रश्नही उरत नाही. अशा एखाद्या चालू योजनेत जायचे असेल तर भावाचा पैसा बहिणीचा स्वतःचा हिस्सा आणि खेळते भांडवल म्हणून वापरायचा, आणि यंत्रांना कर्ज घ्यायचे. योजना त्या वर्षी सुरू आहे की नाही, हे यंत्राची आगाऊ रक्कम देण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारावे.

हे सगळे ध्यानात घेऊन लिहिलेले पत्र फार मोठे होत नाही. नमुन्यादाखल ते असे असू शकते:

‘ती. ताईस, साष्टांग नमस्कार. तुझ्यासाठी १२,००,००० रुपये मी बक्षीस म्हणून देत आहे. हे माझ्या मस्कतच्या पगारातून साठवलेले आहेत आणि माझ्या एनआरई खात्यातून तुझ्या एकटीच्या नावाच्या खात्यात येतील. हे परत करायचे नाहीत. धंद्यात माझा भाग नाही. आबांच्या घराजमिनीतल्या तुझ्या हिश्शाशी या पैशांचा काही संबंध नाही. तो हिस्सा तुझा आहे तसा राहील. मला काजूचा धंदा सुचतो, पण तुला दुसरे काही बरे वाटले तर तू ठरव. ३,५०,००० पेक्षा जास्त यंत्रांवर घालू नकोस असे माझे मत आहे, आणि २,००,००० निराळे ठेव. पैसे तीन वेळा पाठवीन: वीज आणि नोंदणी झाल्यावर, यंत्रे आल्यावर आणि बी घेताना. हिशेब मला नको, पण तू तुझ्यासाठी लिहून ठेव. माझी नोकरी जाऊन मी परत आलो तरी या पैशांवर माझा डोळा असणार नाही. हे पत्र वाचून तुझे काय ठरते ते तुझ्या हाताने लिहून कळव. भावजींनाही हे वाचायला दे.’

तीन हप्त्यांची अट इथे सोयीची आहे. मात्र प्रत्येक हप्ता आल्यावर तो बक्षिसाचाच भाग आहे, हे पत्रातल्या एकूण रकमेशी जुळले पाहिजे. ‘डोळा असणार नाही’ हे वाक्य भावाला लिहायला सर्वांत अवघड जाते. आखातातली नोकरी कराराची असते आणि करार संपला की हातात साठवलेलेच उरते. सगळी साठवण बहिणीला देऊन मग परत येणाऱ्या भावाच्या मनात, इच्छा नसली तरी, मागणी उभी राहते. म्हणून द्यायची रक्कम ही गेली तरी भावाचे घर चालेल एवढीच असावी. १२ लाख ही सगळी साठवण असेल तर ६ लाख द्यावेत आणि मजुरीच्या कामापासून सुरुवात करावी. तेवढ्यात यंत्रे येतात, बीला पैसा लागत नाही आणि राखीवही राहते.

बहिणीचे उत्तर हा पत्राचा दुसरा अर्धा भाग. त्यात तिने बक्षीस स्वीकारल्याचे एक वाक्य, रक्कम, तारीख आणि सही असावी. हिशेबाचे आकडे तिने गावातल्या दरांनी घालून द्यावेत: बीचा चालू दर, मजुरी, दोन व्यापाऱ्यांनी गराला सांगितलेला भाव, आणि एक किलो बी कापून निघालेला उतारा. तिला हा धंदा नको असेल तर तेही तिने याच उत्तरात लिहावे. भावाच्या शब्दाला नाही म्हणणे कठीण असते, पण अर्ध्या मनाने घेतलेला बॉयलर दोन पावसाळ्यांत गंजतो आणि मोडीच्या भावाने जातो. दोन्ही पत्रांच्या प्रती आणि बँकेच्या नोंदी एका फाइलीत ठेवल्या, की पुढे प्राप्तिकराने विचारो, बँकेने विचारो वा घरातल्या कुणी, उत्तर तयार असते.

संमतीपत्र, वीजजोडणी आणि नोंदण्या यांना मिळून दोन-अडीच महिने सहज लागतात, आणि कटर बसवून चाचणी घेण्यात आणखी दोन आठवडे जातात. बी फेब्रुवारीच्या अखेरीस बाजारात येते. याच हंगामात काम सुरू करायचे असेल तर भावाचे पत्र दिवाळीतच निघाले पाहिजे, आणि बहिणीचे उत्तर तुळशीच्या लग्नापर्यंत त्याच्या हाती पडले पाहिजे.